कॅन्सरचं निदान झाल्यावर तंबाखू कशी सोडायची: रेडिएशन घेणाऱ्यांसाठी आठवड्यागणिक मार्गदर्शन

बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर पहिल्या काही दिवसांत बहुतेक पेशंट एकच प्रश्न विचारतात: "आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते तर झालंच." प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. तंबाखूने कॅन्सर झाला हा एक भाग झाला. आता होणाऱ्या उपचारांवर रोजची सिगारेट किंवा विडी काय परिणाम करते, हा वेगळा भाग आहे आणि तो अजून आपल्या हातात आहे.

सगळ्या कॅन्सरांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा मी एकच उदाहरण घेणार आहे. समजा एक गृहस्थ आहेत, वय ५४. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टरांनी ऑपरेशन न करता रेडिएशन सांगितलंय (बरेच जण त्याला 'लाइट घेणं' किंवा 'शेक' म्हणतात). आठवड्यातले पाच दिवस, असे सात आठवडे, म्हणजे एकूण ३५ वेळा. सोबत सिस्प्लॅटिन नावाचं किमोचं औषध. रेडिएशन सुरू व्हायला तीन आठवडे आहेत, कारण आधी दातांची तपासणी, चेहऱ्याचा मास्क आणि प्लॅनिंगचा सीटी स्कॅन व्हायचाय. हे गृहस्थ दिवसाला २० सिगारेटी ओढतात आणि पहिली उठल्यावर दहा मिनिटांत लागते. त्यांनी काय करावं, हे पाहता पाहता बाकीच्यांनाही आपला मार्ग कळेल.

आधी कारण समजून घ्या

रेडिएशन गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतं. ही तूट पक्की व्हायला पेशीपाशी प्राणवायू असावा लागतो. प्राणवायू कमी असलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो, हे रेडिएशनच्या शास्त्रातलं जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. आता सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. गाठीचा आतला भाग आधीच प्राणवायूला आसुसलेला असतो. म्हणजे सिगारेट ओढून मशीनखाली झोपणारा माणूस नकळत आपल्याच गाठीला कवच घालत असतो.

यातली दिलासा देणारी बाजू अशी की हा वायू रक्तातून लवकर निघून जातो. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि साधारण एका दिवसात न ओढणाऱ्या माणसाच्या जवळपास पोहोचतं. तीस वर्षं ओढली असेल तरी हे एवढ्याच वेळात होतं.

प्रत्यक्ष पेशंटमध्ये याचा फरक दिसतो का? १९९३ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापला. डोकं आणि मानेच्या भागातल्या पुढच्या टप्प्याच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे ११५ पेशंट त्यात होते. उपचार चालू असताना जे ओढत राहिले त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली. ज्यांनी ओढली नाही त्यांच्यात हेच प्रमाण ७४ टक्के होतं. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ३९ आणि ६६ टक्के होतं. औषध तेच, मशीन तसंच.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही असंच चित्र आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५१७ पेशंटवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. निदानाच्या वेळी हे सगळे धूम्रपान करणारे होते. ज्यांनी निदानानंतर सोडलं त्यांच्यातले निम्मे पेशंट ६.६ वर्षं किंवा त्याहून जास्त जगले, आणि न सोडणाऱ्यांतले निम्मे ४.८ वर्षं किंवा त्याहून जास्त.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुणाला मुद्दाम ओढायला लावून असा प्रयोग करता येत नाही, त्यामुळे हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. जे सोडू शकतात ते मुळातच थोडे धडधाकट असतील, अशी शंका उरतेच. पण अभ्यासामागून अभ्यासात आकडे एकाच दिशेने जातात आणि त्यामागचं शरीरातलं कारणही माहीत आहे. २०१४ च्या अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने हा सगळा पुरावा तपासला आणि कॅन्सर पेशंटने ओढत राहिल्याने मृत्यूचा आणि दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. माझ्या मते निर्णय घ्यायला एवढं पुरे आहे.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी कारण थोडं वेगळं. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, धूर प्राणवायू कमी करतो, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची आणि भूल दिल्यानंतर छातीत कफ साचण्याची शक्यता वाढते. चार आठवडे आधी सोडली तर फायदा चांगला मिळतो. पण तंबाखू सोडायला वेळ हवा म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. ऑपरेशन आठ दिवसांवर असेल तर आठ दिवस आधी सोडा.

पायरी १: खरा आकडा सांगा

बरेच पेशंट डॉक्टरांसमोर "आता बंद केलीय" म्हणतात. लाज वाटते, बोलणी बसतील असं वाटतं, आणि शेजारी बसलेल्या मुलीसमोर खरं सांगवत नाही. पण यात नुकसान पेशंटचंच होतं, कारण औषधाचा डोस खऱ्या आकड्यावर ठरतो.

किमोच्या औषधांसाठीही हा आकडा लागतो. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातली काही विकरं जोरात कामाला लागतात आणि ठरावीक औषधं शरीराबाहेर लवकर फेकली जातात. इरिनोटेकॅन आणि एर्लोटिनिब ही त्याची चांगली माहीत असलेली उदाहरणं. ओढणाऱ्याच्या रक्तात या औषधांची पातळी बरीच कमी भरते. डॉक्टरांना माहीतच नसेल तर औषध लागू का पडत नाही, हे कोडं सुटणार नाही.

आपल्या गृहस्थांनी असं सांगावं: "डॉक्टर, मी दिवसाला २० सिगारेटी ओढतो. उठल्यावर दहा मिनिटांत पहिली लागते. मला सोडायचीय, पण नुसतं मनावर घेऊन जमलेलं नाही. पट्टी, च्युइंगम की गोळी, काय देता?" यात तीन माहिती आहेत: दिवसाचं प्रमाण, पहिली कधी, आणि आधीचा अनुभव. यातली दुसरी सगळ्यांत महत्त्वाची. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची सवय खोल आहे असं समजतात.

हे बोलणं जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून नर्सच्या हातात द्या. तंबाखूचे सगळे प्रकार लिहा. विडी, सिगारेट, चघळायची तंबाखू, गुटखा, तपकीर, मशेरी. मशेरी दात घासण्यासाठी लावतात म्हणून ती तंबाखूत धरायची असते हे बऱ्याच बायकांच्या लक्षातच येत नाही. तीही तंबाखूच.

पायरी २: तारीख रेडिएशनच्या आधी धरा

रेडिएशन सुरू होईल त्या दिवशी सोडतो, असा निश्चय पुष्कळ जण करतात. मी तो दिवस धरू नका असंच सांगतो. निकोटिन बंद झाल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, बेचैनी, भूक वाढणं, बद्धकोष्ठ, सगळं त्यात येतं. मशीनची भीती, किमोची मळमळ आणि हे सगळं एकाच आठवड्यात आलं तर माणूस खचतो.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे. मान आणि डोक्याच्या रेडिएशनमध्ये चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात. तेवढा वेळ हलायचं नाही, आणि खोकला आला तर अवघड होतं. सिगारेट सोडल्यावर काही जणांचा खोकला पहिले एक-दोन आठवडे थोडा वाढतो, कफ सुटून येतो. हे मास्कखाली होण्यापेक्षा आधी होऊन गेलेलं बरं.

म्हणून आपल्या गृहस्थांच्या तीन आठवड्यांची मांडणी अशी: पहिले सात दिवस तयारीचे, आठव्या दिवशी शेवटची सिगारेट संपलेली, आणि रेडिएशनच्या आधी पूर्ण दोन आठवडे मोकळे. तयारीत फार काही नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेटून औषध ठरवायचं, घरातले लायटर, अ‍ॅशट्रे, अर्धी पाकिटं काढून टाकायची, आणि दिवसातल्या कुठल्या सिगारेटी सोडणं सर्वांत अवघड जाणार ते कागदावर लिहायचं. बहुतेकांच्या यादीत तीच नावं असतात: सकाळची पहिली, जेवणानंतरची, फोनवर बोलतानाची, आणि रिपोर्टची वाट पाहतानाची.

तुमच्याकडे एवढा वेळ नसेल, रेडिएशन चालूही झालं असेल, तर आजचा दिवस धरा. कार्बन मोनॉक्साइडचं गणित तेव्हाही तेच आहे.

पायरी ३: औषध निवडताना कॅन्सरचा उपचार समोर ठेवा

तलफ येते ती निकोटिनमुळे. कॅन्सर होतो तो धुरातल्या आणि तंबाखूतल्या इतर विषांमुळे. म्हणून काही आठवडे मोजून-मापून निकोटिन देणं हा विरोधाभास नाही. पट्टीतून निकोटिन हळूहळू येतं, धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड काहीच येत नाही.

तीन मुख्य पर्याय आहेत, आणि कॅन्सर पेशंटमध्ये निवड नेहमीपेक्षा वेगळी होऊ शकते.

व्हॅरेनिक्लिनची गोळी एरवी फार चांगली. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे घेतात. पण मळमळ हा तिचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे आणि ती मूत्रपिंडांतून बाहेर पडते. आपल्या गृहस्थांना सिस्प्लॅटिन मिळणार आहे. त्या औषधाने मळमळही होते आणि मूत्रपिंडांवर ताणही येतो. म्हणून त्यांच्यासाठी मी ही पहिली निवड मानणार नाही. दुसऱ्या कॅन्सरच्या, मूत्रपिंडं ठीक असलेल्या पेशंटला ती अगदी योग्य ठरू शकते.

ब्युप्रोपियनने झटके येण्याची शक्यता वाढते. मेंदूत गाठ असेल किंवा कधी झटके आले असतील तर ती नकोच. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बायकांनी तर हे आवर्जून विचारावं, कारण ब्युप्रोपियन टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाचं रूप घेण्यापासून अडवते.

राहिली निकोटिनची पट्टी आणि तिच्या जोडीला च्युइंगम किंवा चघळायची गोळी. पट्टी दिवसभर एक संथ पातळी ठेवते, आणि अचानक उसळणाऱ्या तलफेला च्युइंगम उत्तर देतं. दोन्ही मिळून घेतल्यावर एकट्यापेक्षा यश जास्त मिळतं. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर साधारणपणे २१ मिलिग्रॅमची पट्टी, आणि पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम. आपले गृहस्थ दोन्हींत बसतात. डोस शेवटी डॉक्टरच ठरवतील, पण हे आकडे माहीत असले तर फार हलका डोस लिहिला गेल्यास तुम्ही विचारू शकता.

पट्टी आणि च्युइंगम वापरण्यात इतक्या चुका होतात की हे सविस्तर सांगतो.

पट्टी सकाळी उठल्यावर, कोरड्या, केस नसलेल्या कातडीवर लावा आणि तळहाताने थोडा वेळ दाबून धरा. रोज जागा बदला. जिथे रेडिएशन मिळतंय तिथे किंवा त्याच्या आसपास लावू नका. आपल्या गृहस्थांनी मान आणि छातीचा वरचा भाग सोडून दंडावर किंवा कमरेवर लावावी. कातडीवर हलकी लाली आली तर चिंता नाही, फोड आले तर सांगा. काही पट्ट्यांच्या पाठीमागे धातूचा पातळ थर असतो, त्यामुळे एमआरआयच्या आधी पट्टी काढा आणि तिथल्या माणसाला सांगा. रात्री विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्नं पडून झोपमोड होत असेल तर झोपताना पट्टी काढा. मग सकाळी नवी पट्टी चढायला काही तास लागतात, तेवढ्या वेळासाठी च्युइंगम हाताशी ठेवा.

च्युइंगम हे नेहमीच्या च्युइंगमसारखं चावत राहायचं नसतं. हळू चावा, जिभेवर झणझणीत चव आली की थांबा आणि ते गाल व हिरडीच्या मधे ठेवून द्या. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा. साधारण अर्धा तास असं चालतं. निकोटिन तोंडातल्या कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि "मला च्युइंगम सोसत नाही" असा निष्कर्ष निघतो. चहा, कॉफी, फळांचा रस घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबा, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.

आठवड्यागणिक काय होतं

तंबाखू सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस आपले गृहस्थ चिडतात. ताट ढकलतात, बायकोवर ओरडतात. हे अपेक्षित आहे. तलफ एकदा उसळली की बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात च्युइंगम, एक पेलाभर पाणी, खोलीतून बाहेर पडणं, यांपैकी काहीही चालतं. मात्र दुपारपर्यंत तलफ ओसरतच नसेल आणि दिवसभर च्युइंगमवर च्युइंगम लागत असेल, तर डोस कमी पडतोय. उलट पट्टी लावल्यावर तासा-दोन तासांत घाम, धडधड, चक्कर, मळमळ असेल तर डोस जास्त होतोय. किमोनंतरची मळमळ वेळेवरून ओळखता येते. ती किमोच्या दिवसाभोवती असते, पट्टीच्या वेळेशी तिचा संबंध नसतो.

एक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. धुरामुळे जोरात चालणारी यकृतातली विकरं कॅफीनही लवकर संपवत असतात. सिगारेट थांबली की ही विकरं काही दिवसांत मंदावतात आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तात जास्त कॅफीन साचतं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि पेशंटला वाटतं सिगारेट सोडल्यामुळेच हे होतंय. उपाय सोपा: पहिल्या आठवड्यापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. थिओफायलिन किंवा क्लोझापिन घेत असाल तर डॉक्टरांना तारीख आधीच सांगा, त्यांचा डोस बदलावा लागू शकतो.

रेडिएशन सुरू होतं. पहिले दोन आठवडे तसे बरे जातात. बद्धकोष्ठ मात्र वाढू शकतं, कारण निकोटिन नसणं आणि उलट्यांवरचं औषध दोन्ही त्याच बाजूने ओढतात. त्यासाठी औषध मागा, अंगावर काढू नका.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तोंड आणि घसा सोलवटायला लागतो. आता च्युइंगम झोंबतं. इथे बऱ्याच जणांची गाडी घसरते: च्युइंगम बंद केलं, पट्टी तेवढीच राहिली, आणि दोन दिवसांत तलफ परत आली. च्युइंगम सोसेनासं झालं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पट्टीचा डोस वाढवायचा की दुसरा प्रकार द्यायचा, ते ठरवतील. घशाला आग होत असताना ओढलेला धूर ती आग वाढवतो आणि सोलवटलेली जागा भरायला जास्त दिवस लागतात.

पाचवा ते सातवा आठवडा सगळ्यांत कठीण. गिळणं दुखतं, चव गेलेली असते, माणूस थकलेला असतो. याच काळात पट्टीचा डोस उतरवायची वेळ येऊ नये, म्हणून सुरुवातीलाच हिशेब करा. पाकिटावर साधारण सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७ असा क्रम लिहिलेला असतो. आपल्या गृहस्थांनी पट्टी रेडिएशनच्या दोन आठवडे आधी सुरू केली आहे, म्हणजे पाकिटाप्रमाणे डोस रेडिएशनच्या पाचव्या आठवड्यात खाली येईल, नेमका चुकीच्या वेळी. डॉक्टरांशी बोलून २१ ची पट्टी रेडिएशन संपून दोन-तीन आठवडे होईपर्यंत ठेवता येते, मग १४ आणि ७. कॅन्सर पेशंटला बारा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ औषध देणं ही रूढ पद्धत आहे.

पाय घसरला तर

समजा पाचव्या आठवड्यात, एका वाईट रात्री, त्यांनी एक सिगारेट ओढली. पट्टी अंगावर होती. घाबरू नका, एका सिगारेटने काही अघटित होत नाही, आणि पट्टी काढूही नका. पट्टी काढली तर सकाळी दुसरी सिगारेट हमखास लागते. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला फोन करून नेमकं सांगा: किती वाजता, कोणासोबत, काय झालं होतं. बहुधा उत्तरात उपाय दडलेला असतो. वेदनेची गोळी रात्री दोनला उतरत होती आणि झोप मोडत होती, असं निघालं तर गोळीची वेळ बदलली की रात्रीची सिगारेट आपोआप सुटते.

रोज एखाद-दुसरी लागायला लागली तर डोस किंवा औषध बदलायची वेळ झाली. आणि अगदीच थांबत नसेल, तरी रेडिएशन चुकवू नका. "मी ओढली, आता कसं जाऊ" म्हणून सत्र बुडवणारे पेशंट असतात. सत्र बुडणं हे त्याहून मोठं नुकसान आहे.

कोणाचा आधार कामी येतो

औषध आणि सतत पाठपुरावा यांची जोडी सर्वांत चांगली चालते. २०२० साली अमेरिकेत कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या ३०३ पेशंटचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला फोनवर चार वेळा समुपदेशन आणि औषधांचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला सहा महिन्यांत अकरा वेळा फोन आणि औषधं मोफत. सहा महिन्यांनी तपासणी करून खात्री केलेल्या, सोडलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २१.५ टक्के आणि दुसऱ्यात ३४.५ टक्के निघालं. चांगल्या आधारानेही सगळ्यांना पहिल्या फेरीत जमत नाही, हेही यातून दिसतं. पण एकदाच सल्ला देऊन सोडून देण्यापेक्षा आठवड्याला कोणीतरी विचारणारं असणं खूप फरक पाडतं. म्हणून समुपदेशकाकडून पुढच्या फोनची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. कॅन्सर हॉस्पिटलात तंबाखूमुक्तीचं केंद्र आहे का ते विचारा. नसेल तर अनेक देशांत सरकारी मोफत हेल्पलाइन असते.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, "पोरांचा तरी विचार करा" असं म्हणणं, यातून माणूस लपून ओढायला शिकतो, आणि लपवलेल्या सिगारेटवर उपचार करता येत नाहीत. त्याऐवजी "आज कुठली वेळ जड गेली?" असं विचारा. आणि घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्यानेही याच तारखेला सोडावं, किमान घरात आणि गाडीत ओढू नये. पेशंटच्या समोर शिलगावलेली एक काडी आठवड्याभराच्या पट्ट्यांवर पाणी फिरवू शकते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन अगदी खालावलेलं असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते तंबाखू सोडल्याचं म्हणून चालवून घेऊ नका. डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

तंबाखू चघळणाऱ्यांसाठी

यांच्यात कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा नाही, पण जखम, हिरडी आणि दुसऱ्या नव्या कॅन्सरचा मुद्दा पूर्ण लागू आहे. गालाचं किंवा जिभेचं ऑपरेशन झालं असेल तर तोंडात च्युइंगम ठेवता येणार नाही, पट्टीवरच भर द्यावा लागतो. मांसाचा तुकडा एका जागेहून दुसरीकडे बसवण्याचं ऑपरेशन असेल तर निकोटिनच्या पट्टीबद्दल सर्जनला आधी विचारा. काही सर्जन ऑपरेशनच्या आसपास तीही थांबवायला सांगतात. डोससाठी दिवसात किती वेळा तोंडात ठेवता आणि रात्री ठेवून झोपता का, हे दोन्ही सांगा.

तोंडाला काहीतरी हवं म्हणून सुपारीवर जाणं ही इथली सर्वांत मोठी चूक. सुपारी तंबाखूशिवायही माणसात कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठामपणे मान्य केलंय. सिगारेट सोडून मशेरीवर किंवा तपकिरीवर जाणंही सोडणं नव्हे.

उपचार संपल्यावर

रेडिएशन संपलं की रोजचं हॉस्पिटल सुटतं, घसा हळूहळू भरतो, चव थोडी परत येते, जुने मित्र भेटायला येतात. परत सुरू होण्याचा धोका आता असतो, कारण वेदना गेली आणि विचारणारंही कोणी उरलं नाही. मान-डोक्याला रेडिएशन घेतलेल्या माणसाने पुन्हा ओढली तर जबड्याचं हाड मृत होण्याचा धोकाही वाढतो, आणि तो काही महिने नाही तर कित्येक वर्षं राहतो. म्हणून दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला रेडिएशन आणि तंबाखू दोन्ही सांगा.

पट्टी बंद केल्यावर समुपदेशकाशी निदान तीन महिने महिन्यातून एकदा बोलणं चालू ठेवा. आणि प्रत्येक तपासणीला डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःच सांगा: गेल्या वेळेपासून तंबाखू लागली की नाही, लागली असेल तर किती आणि कधी. केस पेपरवर हे लिहिलं जातंय का, तेही बघा.